चार ओळींची दुरुस्ती आणि २८ जीबीचा पॅच

अर्धविराम | शुक्रवार, रात्री १०:४०

मी खेळत असलेल्या एका गेमचा काल पॅच आला. सोबतच्या टिपणात मोजून चार ओळी. एका बंदुकीचा झटका कमी केला, तिसऱ्या मोहिमेतलं एक दार उघडत नव्हतं ते आता उघडतं, आणि दोन ठिकाणी गेम बंद पडत होता ते थांबवलं. डाउनलोड २८ जीबी. गेम पूर्ण ९६ जीबीचा आहे, म्हणजे जवळजवळ तीन दशांश गेम पुन्हा उतरवून घ्यायचा.

मला यात राग व्यक्त करायचा नाही, समजून घ्यायचं आहे. दाराची दुरुस्ती म्हणजे कुठेतरी एखादा आकडा बदलला असणार. बंदुकीचंही तेच. मग बाकीचे जवळजवळ २८ जीबी कसले? आणि लाँचर फक्त बदललेला भाग उतरवतो असं सगळे म्हणतात, तर काय बदललं हे तो ठरवतो कसं?

किल्लेदार | शुक्रवार, रात्री ११:०५

उत्तर सरळ आहे. फाइल बदलली की अख्खी फाइल येते. गेमच्या फाइली दहा-दहा जीबीच्या असतात, त्यातल्या तिघींना हात लागला की झाले तीस जीबी. बारकाईने फरक काढून तेवढाच पाठवायला मेहनत लागते आणि ती कोणी घेत नाही.

मुक्ता | शुक्रवार, रात्री ११:३१

अख्खी फाइल येत असेल असं वाटत नाही. तसं असतं तर पॅचचा आकडा दर वेळी काही फाइलींच्या बेरजेशी जुळला असता, आणि मी पाहिलंय की तो जुळत नाही.

खरं कारण कॉम्प्रेशन आहे. दाबलेल्या फाइलीत सुरुवातीला एक अक्षर बदललं की तिथून पुढचे सगळे बाइट वेगळे येतात, कारण पुढचं लिखाण मागच्या मजकुराच्या आधाराने केलेलं असतं. लाँचरला ती पूर्ण नवी फाइल दिसते. गेममधलं सगळंच दाबून ठेवलेलं असतं, म्हणून छोट्या बदलाचा मोठा पॅच होतो.

बारकावे | शनिवार, सकाळी ८:१५

मी गेमच्या बिल्ड आणि रिलीजचंच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मुक्ता, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चित्रं, आवाज असे अनेक ॲसेट ज्या एका मोठ्या फाइलीत भरतात ती पॅक फाइल. ती संपूर्ण एकसलग दाबली तर तुम्ही म्हणता तसंच होतं. पण असं सहसा कोणी करत नाही, कारण मग मधलं एक टेक्स्चर वाचायला सुरुवातीपासून सगळं उलगडावं लागेल. प्रत्येक ॲसेट स्वतंत्र दाबतात, किंवा ठरावीक मापाच्या ठोकळ्यांमध्ये दाबतात. त्यामुळे बिघाड त्या ॲसेटपुरता किंवा ठोकळ्यापुरता राहतो.

किल्लेदार, अख्खी फाइलही येत नाही. स्टीमचं उदाहरण घेते, कारण त्याची पद्धत उघडपणे लिहिलेली आहे. गेम तयार करणारा नवी बिल्ड चढवतो तेव्हा प्रत्येक फाइलीचे साधारण १ एमबीचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या बाइटांवरून निघणारी छोटी ओळखखूण, काढला जातो, आणि कोणती फाइल कोणत्या तुकड्यांची बनली आहे याची यादी होते. त्या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. तुमच्याकडच्या लाँचरपाशी जुन्या बिल्डचं मॅनिफेस्ट असतं. तो नवं आणतो, दोन्ही समोरासमोर ठेवतो, आणि जे तुकडे जुन्यात नाहीत तेवढेच मागवतो. त्या गेममध्ये काय दुरुस्त झालं याची त्याला काहीच कल्पना नसते. दार, बंदूक, मोहीम असं त्याच्यासाठी काही नसतं, फक्त तुकडे असतात.

पुस्तकाच्या छपाईवरून हे चांगलं कळतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. एका शब्दाची चूक सुधारायची तर तो एक फर्मा पुन्हा छापावा लागतो, सोळाच्या सोळा पानं. चाळीस चुका एकाच फर्म्यात असल्या तरी एकच फर्मा छापायचा. पण त्याच चाळीस चुका चाळीस फर्म्यांत एकेक विखुरल्या असतील तर चाळीस फर्मे. सुधारलेली अक्षरं दोन्हीकडे तेवढीच, कागद मात्र चाळीसपट.

गेममध्ये नेमकं हेच होतं. समजा ४ जीबीची पॅक फाइल आहे, म्हणजे ४०९६ तुकडे. तुम्ही ४ केबीचे चाळीस छोटे ॲसेट बदलले, एकूण १६० केबी. ते शेजारी-शेजारी असतील तर एक-दोन तुकडे जातील. पॅकभर विखुरलेले असतील तर चाळीस तुकडे, ४० एमबीच्या आसपास. आणि प्रत्येक ॲसेटच्या आधी जर 'पुढचा ॲसेट फाइलीत अमुक ठिकाणी सुरू होतो' असा आकडा लिहिलेला असेल, तर पहिल्या बदलाने पुढचे सगळे सरकतात, ते सगळे आकडे बदलतात, आणि जवळजवळ चारही जीबी नवे ठरतात. म्हणून पॅचचं माप दुरुस्तीच्या आकारावर ठरत नाही, बदललेले बाइट किती तुकड्यांना शिवतात त्यावर ठरतं.

सदाफुली | शनिवार, सकाळी ९:५०

माझा प्रश्न याच विषयातला आहे असं समजून विचारते. माझ्याकडे उलटं होतं. एका गेमचा अपडेट फक्त ३१६ एमबीचा होता, पण त्याला चाळीस मिनिटं लागली. मध्येच डाउनलोडचा वेग शून्य दाखवत होता. आणि त्याआधी डिस्कवर ६० जीबी मोकळी जागा मागितली, ती करायला मला दुसरा गेम काढून टाकावा लागला. माझ्या इंटरनेट जोडणीत काही दोष आहे का? सर्व्हर बदलून पाहू का?

किल्लेदार | शनिवार, सकाळी १०:०२

गेम काढून पुन्हा टाका, सगळं व्यवस्थित होईल.

बारकावे | शनिवार, सकाळी १०:३०

नका काढू. पुन्हा टाकताना संपूर्ण गेम उतरेल.

सदाफुली, तुमच्या इंटरनेटचा यात काही संबंध नाही. ३१६ एमबी बहुधा पहिल्या काही मिनिटांतच आले. उरलेला वेळ डिस्कचा होता. लाँचर जुन्या पॅक फाइलीत जागच्या जागी बदल करत नाही. मध्येच वीज गेली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी फाइल हातात उरेल. म्हणून तो जुन्या फाइलीशेजारी नवी फाइल पूर्ण बांधतो. न बदललेले तुकडे जुन्यातून उचलून नव्यात लिहितो, आणलेले तुकडे त्यांच्या जागी बसवतो, आणि सगळं पुरं झालं की अदलाबदल करतो. पॅक ६० जीबीचा एकच असेल तर त्यात दहा बाइट बदलायलासुद्धा ६० जीबी वाचायचे आणि ६० जीबी लिहायचे.

फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी धरा. नुसतं वाचायला दहा मिनिटं, लिहायला दहा. शिवाय एकाच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं आलटून-पालटून चाललं की तिचं डोकं सतत इकडून तिकडे पळतं. चाळीस मिनिटं त्यात सहज जातात. त्या काळात डाउनलोड शून्य दिसणं अगदी अपेक्षित आहे.

खात्री करायची असेल तर पुढचा अपडेट चालू असताना `steamapps` फोल्डरमधली त्या गेमची `appmanifest_` ने सुरू होणारी `.acf` फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून फक्त वाचा, बदलू नका. तुमच्या बाबतीत तिथे साधारण असं दिसलं असतं:

```
"BytesToDownload"  "331350016"
"BytesToStage"     "64424509440"
```

पहिला आकडा नेटवरून येणारा, ३१६ एमबी. दुसरा डिस्कवर पुन्हा बांधायचा, ६० जीबी. पहिला मोठा असेल तर अर्धविराम यांचा प्रश्न, दुसरा मोठा असेल तर तुमचा. मूळ दुखणं पॅक फाइलींच्या रचनेतच, पण उपाय वेगळे. म्हणूनच स्टीम गेम बनवणाऱ्यांना पॅक एक-दोन जीबीपेक्षा मोठे ठेवू नका असं सांगतं.

सदाफुली | शनिवार, सकाळी १०:४८

म्हणजे तो गेम एसएसडीवर हलवला तर वेळ वाचेल, पण जागा तेवढीच लागेल. बरोबर?

बारकावे | शनिवार, सकाळी १०:५२

अगदी बरोबर. जागेचा प्रश्न तुमच्या बाजूने सुटणारा नाही. पॅक लहान केले तरच तो सुटेल, आणि ते गेम बनवणाऱ्यांनाच करावं लागेल.

तिसरी घंटा | शनिवार, दुपारी १:२०

आम्ही तिघं मिळून एक छोटा गेम करतो. बारकावे यांनी लिहिलेलं सगळं आम्ही स्वतः भोगलंय, म्हणून आमची गोष्ट सांगतो.

आमचा मुख्य पॅक ३.८ जीबीचा, त्यात २६ हजारांच्या आसपास ॲसेट. पहिल्याच आठवड्यात एका संवादातली एक ओळ सुधारली, बिल्ड चढवली, आणि चढवणाऱ्या साधनाने सांगितलं की सुमारे ३.१ जीबी नवं आहे. आम्हाला वाटलं चुकीची शाखा बिल्ड झाली. तपासलं, शाखा तीच होती.

मग दोन्ही पॅक एक एमबीच्या मापाने कापून किती तुकडे जुळत नाहीत ते मोजलं. पायथनमध्ये एवढंच लागतं:

```python
import sys, hashlib
N = 1 << 20
def parts(p):
    with open(p, "rb") as f:
        while b := f.read(N):
            yield hashlib.sha1(b).digest()
old = set(parts(sys.argv[1]))
new = list(parts(sys.argv[2]))
print(sum(h not in old for h in new), "/", len(new))
```

उत्तर त्या साधनाच्या आकड्याशी मिळतंजुळतं आलं. मग प्रश्न उरला की तुकड्यांच्या आत काय बदललं. दोन्ही पॅकची लांबी योगायोगाने सारखी होती, कारण सुधारलेली ओळ जुन्या ओळीइतकीच लांब होती. म्हणून सरळ बाइटला बाइट लावून पाहता आलं:

```
cmp -l old.pak new.pak | head -n 200
```

यातून जे दिसलं ते मी विसरणार नाही. दर काही केबीवर फक्त दोन-तीन बाइट वेगळे. मध्ये सगळं सारखं, पुन्हा दोन-तीन बाइट वेगळे. आणि दोन बदलांमधलं अंतर त्या जागच्या ॲसेटच्या लांबीशी तंतोतंत जुळत होतं. आमचं पॅक करण्याचं साधन प्रत्येक ॲसेटच्या आधी तो कधी पॅक केला ती वेळ आठ बाइटमध्ये लिहीत होतं. दोन बिल्डमध्ये तीन दिवसांचं अंतर, म्हणून वेळेच्या आकड्यातले शेवटचे दोन-तीन बाइट बदललेले. गेम ती वेळ कधीही वाचत नव्हता. कोणीतरी सुरुवातीला तपासणीसाठी ठेवली होती आणि ती तशीच राहिली.

फर्म्याचं उदाहरण पुढे न्यायचं तर आम्ही प्रत्येक लेखाच्या डोक्यावर छपाईची तारीख छापत होतो. मजकूर बदलो न बदलो, जवळपास प्रत्येक फर्मा नवा ठरत होता. ३.८ मधले ०.७ जीबी वाचले तेही एवढ्यासाठीच की संगीत आणि मोठी टेक्स्चरं अनेक एमबींची आहेत, त्यांच्या पोटातल्या तुकड्यांत तारीख येत नाही.

वेळ काढून टाकली, आणि संवादांसाठी वेगळा छोटा पॅक केला, ६ एमबीचा. पुढची ओळ सुधारली तेव्हा पॅच त्या सहा एमबींच्या आतच राहिला. अर्थात वेळ काढण्याचा पहिला पॅच स्वतःच ३ जीबीचा गेला, कारण त्यात प्रत्येक ॲसेटचं शीर्ष बदललं. तो टाळता येत नव्हता.

ओंजळ | शनिवार, दुपारी ३:०५

तुमच्या स्क्रिप्टला एक मोठी मर्यादा आहे, ती इथे नोंदवतो, नाहीतर कोणीतरी ती वापरून घाबरेल. ती ठरावीक मापाने कापते. नव्या फाइलीच्या सुरुवातीला एकच बाइट घुसला तर पुढची प्रत्येक काप एका बाइटने सरकेल आणि एकही तुकडा जुळणार नाही. मजकूर तोच असूनही स्क्रिप्ट शंभर टक्के बदल सांगेल. तुमची लांबी सारखी होती म्हणून आकडा जुळला.

हा प्रश्न गेमपेक्षा जुना आहे. १९९६ साली अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक मांडलं ते याच अडचणीवर. जुनी फाइल ठोकळ्यांत कापायची, पण नव्या फाइलीत एकेक बाइट सरकत तो ठोकळा कुठेही सापडतो का ते पाहायचं. दर बाइटला पूर्ण हॅश काढणं परवडत नाही, म्हणून त्यांनी अशी बेरीज वापरली की खिडकी एका बाइटने पुढे नेताना फक्त बाहेर पडलेला बाइट वजा आणि आत आलेला मिळवायचा. ती बेरीज जुळली तरच पक्का हॅश तपासायचा.

दुसरी वाट म्हणजे कुठे कापायचं हे मापाने न ठरवता मजकुरावरून ठरवायचं. बाइटांची विशिष्ट ठेवण दिसली की तिथे काप. सुरुवातीला काही घुसलं तरी पुढे ती ठेवण पुन्हा त्याच मजकुरापाशी येते आणि काप पुन्हा जागेवर बसतात. लीग ऑफ लेजेंड्सच्या नव्या पॅचरमध्ये फास्टसीडीसी नावाची अशीच पद्धत घेतली आहे.

तिसरी घंटा | शनिवार, दुपारी ३:२२

मान्य. आमच्या बाबतीत लांबी सारखी होती हे नशीब. तरी स्क्रिप्टचा एक उपयोग राहतो: आकडा कमी आला तर निश्चिंत व्हायला हरकत नाही. जास्त आला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये.

किल्लेदार | शनिवार, संध्याकाळी ६:४०

अख्खी फाइल येते हे माझं म्हणणं चुकीचं होतं, मागे घेतो. पण एक समजत नाही. तुकडे कशाला करायचे? जुनी फाइल आणि नवी फाइल दोन्ही कंपनीकडे आहेत. दोघींतला नेमका फरक काढा, बाइटला बाइट, आणि तेवढाच पाठवा. तिसरी घंटा यांच्या पॅचमध्ये खरा बदल २६ हजार ठिकाणी दोन-तीन बाइट एवढाच होता. शंभरेक केबीत मावला असता.

ओंजळ | शनिवार, संध्याकाळी ७:३०

अशी साधनं आहेत. कॉलिन पर्सिवल यांचं बीएसडिफ २००३ पासून आहे आणि प्रोग्रामच्या फाइलींवर ते फार बारीक पॅच देतं. पण दोन गोष्टी आड येतात.

पहिली, ते जोडीजोडीने चालतं. आवृत्ती ७ वरून ८ वर जायचा पॅच फक्त ७ वाल्याला उपयोगी. कोणी ३ वर थांबलाय, कोणी ५ वर. प्रत्येकासाठी वेगळा पॅच करा, नाहीतर त्याला सगळे एकामागून एक लावायला सांगा. तुकड्यांच्या पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तुम्ही कुठल्याही आवृत्तीवर असा, अर्धवट बिघडलेल्या फाइलीसह असा, लाँचर फक्त पाहतो की हवे ते तुकडे तुमच्याकडे आहेत की नाहीत.

दुसरी, मेमरी. बीएसडिफला फरक काढताना जुन्या फाइलीच्या सतरापट मेमरी लागू शकते. १० जीबीच्या पॅकला १७० जीबी. आणि पॅच लावताना खेळणाऱ्याच्या मशीनवर जुनी आणि नवी फाइल दोन्ही मेमरीत धरावी लागतात. गेमच्या पॅकसाठी ते तसंच्या तसं वापरता येत नाही.

मुक्ता | शनिवार, रात्री ८:१०

मग तुकडे तरी लहान का करत नाहीत? १ एमबीऐवजी ६४ केबी केले तर वाया जाणारा भाग सोळापट कमी.

ओंजळ | शनिवार, रात्री ८:३४

इच या छोट्या गेमच्या साइटच्या पॅचरमध्ये ठोकळा ६४ केबीचाच आहे. पण तिथे दोन बिल्डमधला पॅच आधी तयार करून ठेवलेला असतो, सुटे तुकडे मागवायचे नसतात.

सुटे तुकडे मागवायचे असतील तर हिशोब बदलतो. १०० जीबीच्या गेमचे १ एमबीने एक लाखावर तुकडे होतात. प्रत्येकाचा हॅश २० बाइटचा, म्हणजे नुसत्या हॅशची यादी २ एमबी. ६४ केबी केले तर तुकडे सोळा लाखांवर आणि यादी ३२ एमबीच्या पुढे, आणि ही यादी दर अपडेटला आणायची. शिवाय प्रत्येक तुकडा वेगळा दाबला जातो, आणि लहान तुकडा कमी दाबला जातो. सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्याही सोळापट. १ एमबी हा मधला मार्ग आहे.

रंगछटा | शनिवार, रात्री १०:१५

इथे सगळे धरून चालले आहेत की खरा बदल छोटाच असतो. मी लेव्हल सजवण्याचं काम करते, आणि त्या दाराबद्दल मला वेगळी शंका आहे.

दार उघडत नव्हतं याचं कारण कधीकधी आकडा नसतो, शेजारची भिंत किंवा खडक दारात वीतभर घुसलेला असतो. तो मागे सरकवला की लेव्हलमधला उजेड बदलतो. अनेक गेममध्ये स्थिर वस्तूंवरचा उजेड आणि सावल्या आधीच मोजून टेक्स्चरमध्ये साठवलेल्या असतात. भिंत हलली की ते मोजमाप पुन्हा करावं लागतं, आणि बहुतेक वेळा आम्ही पूर्ण लेव्हलचं करतो, कारण तुकड्याने केलं तर सांधे दिसतात. त्या मोजमापात किरण यादृच्छिकपणे सोडलेले असतात, त्यामुळे न हललेल्या कोपऱ्यातही बाइट थोडे वेगळे येतात. डोळ्याला फरक शून्य, लाँचरला सगळं नवं. टिपणात मात्र 'दार दुरुस्त केलं' एवढीच ओळ जाते, आणि ती खोटी नसते.

बारकावे | शनिवार, रात्री १०:४०

हे माझ्या लिहिण्यात राहूनच गेलं होतं. अशा बदलावर लाँचर काहीही करू शकत नाही, तो डेटा खरोखरच नवा असतो. त्यातून २८ जीबी होतील का, ते लेव्हल किती मोठी आहे त्यावर. एका लेव्हलच्या उजेडाचे इतके होतील असं मला वाटत नाही, काही शे एमबी मात्र सहज होतात.

अर्धविराम, एक करून पाहाल का? गेमचं फोल्डर उघडा, फाइली बदलल्याच्या तारखेने लावा, आणि पॅच लागला त्या दिवशी कोणत्या पॅकना हात लागला ते बघा. कोणत्या फाइलीतलं किती बदललं हे त्यातून कळणार नाही, पण बदल एका जागी आहे की सर्वत्र पसरलाय हे कळेल.

अर्धविराम | रविवार, सकाळी ९:२५

पाहिलं. एकूण ४४ पॅक आहेत. त्यातल्या ४१ ना त्याच दिवसाची तारीख आहे. उरलेले तीन फक्त चित्रफितींचे दिसतात.

बारकावे | रविवार, सकाळी ९:५५

मग ते दार नाही. दार एका मोहिमेत आहे, त्याने एक-दोन पॅक बदलले असते. ४१ पॅक म्हणजे संपूर्ण गेम पुन्हा पॅक झाला आहे, आणि पॅक होताना ॲसेटची जागा किंवा मधली भर बदलली आहे.

ही भर फार फसवी असते. अनरियल इंजिनमध्ये ॲसेट ठरावीक सीमेवर सुरू व्हावेत म्हणून मध्ये रिकामे बाइट भरले जातात. एक ॲसेट थोडा वाढला की त्याच्या पुढच्या प्रत्येकामागची भर वेगवेगळ्या मापाने बदलते. नुसती सरकासरकी असती तर ओंजळ म्हणतात तशा शोधाने सावरता आलं असतं. पण एका तुकड्यात पाच-सहा छोटे ॲसेट असतात, आणि त्यांच्यामधली अंतरंच बदलली तर तो तुकडा जसाच्या तसा कुठेही सापडत नाही. म्हणून स्टीम अनरियलवाल्यांना पॅक करताना ही मापं तुकड्याच्या मापाशी जुळवून घ्यायला सांगतं:

```
-patchpaddingalign=1048576 -blocksize=1048576
```

१०४८५७६ बाइट म्हणजे बरोबर १ एमबी.

तिसरी घंटा | रविवार, सकाळी ११:१०

माझं मत थोडं वेगळं आहे. मोठ्या गेमनी जुन्या पॅकना हातच लावू नये. बदललेले ॲसेट एका नव्या छोट्या पॅकमध्ये द्यावेत आणि इंजिनने आधी तो वाचावा. अनरियलमध्ये नावाच्या शेवटी `_P` असलेला पॅक हेच करतो. जुने पॅक जसेच्या तसे, त्यामुळे सदाफुली यांचाही प्रश्न सुटतो, काही पुन्हा बांधायचंच नाही.

बारकावे | रविवार, दुपारी १२:०५

सुरुवातीला ते उत्तम चालतं. पण जुन्या पॅकमधले मेलेले ॲसेट डिस्कवर पडूनच राहतात. वीस पॅचनंतर एकाच टेक्स्चरच्या चार आवृत्त्या तुमच्या डिस्कवर असतात आणि चालू फक्त शेवटची. शेवटी एक दिवस सगळं एकत्र करावंच लागतं, आणि तो पॅच प्रचंड असतो. फोर्टनाइटने ऑक्टोबर २०२० मध्ये पीसीवर सुमारे २७ जीबीचा पॅच दिला, तो लागल्यावर गेम ६० जीबीहून अधिक लहान झाला. रचना बदलायची तर एकदा ती किंमत द्यावी लागते.

तिसरी घंटा | रविवार, दुपारी १२:२०

वर्षातून एकदा २७ जीबी आणि बाकी वेळ छोटे पॅच, हे मला दर महिन्याच्या २८ जीबीपेक्षा बरं वाटतं.

बारकावे | रविवार, दुपारी १२:३१

ज्याच्याकडे डिस्क कमी आहे त्याला उलट वाटेल. हेलडायव्हर्स २ पहा. पीसीवर तो १५० जीबीच्या वर गेला होता, कारण हार्ड डिस्कवर पटकन वाचता यावं म्हणून एकच डेटा अनेक ठिकाणी ठेवला होता. २०२५ च्या शेवटी त्या दुहेरी प्रती काढल्या तेव्हा तो २३ जीबींवर आला. डिस्कवरची जागा, वाचण्याचा वेळ आणि पॅचचा आकार, तिन्ही एकाच वेळी कमी करता येत नाहीत. कशाला झुकतं माप द्यायचं हे प्रत्येक गट आपल्या खेळणाऱ्यांकडे पाहून ठरवतो. तुमचं आणि माझं इथे जमणार नाही.

अर्धविराम | पुढचा शुक्रवार, रात्री ९:१५

धागा पुन्हा वर आणतोय, कारण आज त्याच गेमचा पुढचा पॅच आला. टिपणात सहा ओळी, म्हणजे मागच्यापेक्षा जास्त. `.acf` फाइल उघडून दोन्ही आकडे टिपले. डाउनलोड १९० एमबी, पुन्हा बांधायचं सुमारे ९ जीबी. तारखेप्रमाणे पाहिलं तर फक्त चार पॅक बदलले आहेत.

बारकावे | पुढचा शुक्रवार, रात्री १०:०२

नोंद फार उपयोगी आहे. वेळ लिहिण्यासारखा किंवा भरीचा कायमचा दोष असता तर आजही चाळीसच्या आसपास पॅक बदलले असते. तसं झालं नाही. म्हणजे मागच्या वेळी काहीतरी एकदाच घडलं: पॅकची रचना बदलली, किंवा कदाचित आजचा छोटा पॅच शक्य व्हावा म्हणूनच ती बदलली.

तिसरी घंटा | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

किंवा इंजिनची आवृत्ती बदलली. दोन क्रॅश थांबवले असं टिपणात होतं ना? ते दोष इंजिनमध्येच असतील आणि त्यासाठी इंजिन पुढच्या आवृत्तीवर नेलं असेल, तर सगळे ॲसेट नव्याने तयार होतात. आमच्याकडे एकदा तसं झालं तेव्हा एकही चित्र बदललं नव्हतं आणि पॅच जवळजवळ पूर्ण गेमइतका होता.

बारकावे | पुढचा शुक्रवार, रात्री १०:३३

शक्य आहे. पण तसं असतं तर ९६ पैकी २८ च जीबी का, ९० का नाहीत? अर्धविराम, तुमच्याकडे जुन्या पॅकची एखादी प्रत उरली असेल तर तिच्या आणि आताच्या पॅकच्या सुरुवातीचे बाइट ताडून पाहता येतील. त्यावरून कळेल.

अर्धविराम | पुढचा शुक्रवार, रात्री १०:४१

नाही उरली. पुढच्या मोठ्या पॅचआधी एक पॅक बाजूला काढून ठेवतो.